सिस्टरने अवयव मागावेत का?

भोकर, किनवट, हिमायतनगर या पट्ट्यात दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला की तालुक्याच्या दवाखान्यात प्राथमिक उपचार होतात आणि रुग्ण नांदेडला रेफर होतो. सोबत आलेली माणसं अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसतात. डॉक्टर त्यांना दिवसातून काही मिनिटं भेटतात, सिस्टर मात्र पूर्ण पाळीभर समोर असते. साहजिकच ‘काही आशा आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी तिच्याकडे येतो. या जवळिकीचा आधार घेऊन असं सुचवलं जातं की मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांकडे अवयवदानाचा विषय तिनेच काढावा. तिच्यावर त्यांचा विश्वास असतो, ती त्यांची बोली बोलते, तिला नकार देणं जड जातं. माझं मत याच्या उलट आहे. ज्या नर्सने त्या रुग्णाची शुश्रूषा केली, तिने त्याचे अवयव मागू नयेत. मृत्यू झाला आहे हे घरच्यांना उमगू देणं हे तिचं काम आहे, आणि ते मागण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

मेंदूमृत्यूची पहिली चाहूल बहुतेक वेळा तिलाच लागते. घशातल्या नळीतून स्राव ओढताना काल खोकणारा रुग्ण आज खोकत नाही. टॉर्च मारल्यावर बाहुल्या आकसत नाहीत. रक्तदाब घसरतो आणि लघवीची पिशवी पाहता पाहता भरू लागते, कारण लघवी आवरणारं संप्रेरक मेंदूकडून यायचं थांबलेलं असतं. ही नोंद तिने वेळेवर करून डॉक्टरांना सांगितली तरच पुढची प्रक्रिया सुरू होते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ मस्तिष्कस्तंभाच्या चाचण्या करतं आणि किमान सहा तासांनी त्या सगळ्या पुन्हा करतं. त्याआधी झोपेच्या किंवा भूल देणाऱ्या औषधांचा अंमल, शरीराचं उतरलेलं तापमान, रक्तातल्या क्षारांचा बिघाड अशी फसवी कारणं बाजूला काढावी लागतात. सर्वांत निर्णायक असते ती श्वासाची चाचणी. रुग्णाला आधी भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटं वेगळा करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिलिमीटरच्या वर जाऊनही छाती हलली नाही, तर श्वास घेण्याची आज्ञा देणारं केंद्रच उरलेलं नाही असा अर्थ होतो.

दोन चाचण्यांमधले हे सहा तास नर्सच्या हाती असतात, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गाडी चुकते. नातेवाइकांना एक वाक्य सांगितलं जातं, ‘पेशंट ब्रेन डेड आहे’, आणि पुढच्याच श्वासात, ‘पण हार्ट चालू आहे’. ऐकणाऱ्याने यातून काय घ्यावं? मॉनिटरवर हिरवी रेघ उसळते आहे, अंग गरम आहे, छाती वरखाली होते आहे. एवढ्यात मानेखालच्या मज्जारज्जूमुळे बोटं हलली किंवा गुडघा वाकला, की बायको धावत येते, ‘सिस्टर, हलला!’ अशा वेळी ‘ते काही नसतं’ म्हणून पडदा ओढणं ही क्रूरता आहे. ही हालचाल मज्जारज्जूतून येते, ती मेंदूतून आलेली नाही, हे तिने घडण्याआधीच सांगून ठेवायला हवं. ‘यंत्र हवा भरतंय म्हणून छाती हलते, ते स्वतः श्वास घेत नाहीत’ हे वाक्य तिच्या ओठावर असायला हवं. दुसऱ्या चाचणीनंतर मंडळाने मृत्यू निश्चित केला की ‘ते गेले’ असंच म्हणायला हवं. ‘आता वाचवणं कठीण आहे’ असं म्हटलं की आशा अर्धवट लोंबकळत राहते. इच्छा असेल तर घरातल्या एखाद्याला श्वासाची चाचणी समोर उभं राहून पाहू द्यावी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ज्यांनी ही तपासणी पाहिली त्यांना मेंदूमृत्यू जास्त नीट समजला, आणि त्यांचा मानसिक त्रास वाढल्याचं दिसलं नाही.

यावर आपल्याकडचा सर्वांत सच्चा आक्षेप एका नर्सच्याच नावाने येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपलं. ‘त्या इतकी वर्षं राहिल्या, मग आमच्या मुलाला दोन दिवसांत गेला कसं म्हणता?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो पूर्ण तर्कशुद्ध आहे आणि त्याला तितकंच स्वच्छ उत्तर द्यायला हवं. अरुणाताई स्वतः श्वास घेत होत्या. त्यांचा मस्तिष्कस्तंभ जिवंत होता, निकामी झाला होता तो जाणिवेचा भाग. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्या मेंदूमृत नाहीत हे नोंदवलं. केईएमच्या परिचारिकांनी जिला जपलं ती जिवंत बाई होती. मेंदूमृत शरीराला कितीही जपलं तरी परत येण्याची वाट उरलेली नसते. हा फरक जिला शांतपणे समजावता येतो ती नर्स कुटुंबाला भविष्यातल्या मोठ्या यातनेपासून वाचवते, मग त्यांनी दान करो वा न करो.

आता मागण्याकडे येऊ. २०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण समन्वयक नेमणं बंधनकारक केलं, आणि नातेवाइकांना अवयवदानाला परवानगी देण्याचा किंवा ती नाकारण्याचा पर्याय आहे याची कल्पना देण्याचं काम डॉक्टर आणि समन्वयक यांच्याकडे सोपवलं. कायद्यात ‘नाकारण्याचा’ हा पर्याय बरोबरीने लिहिलेला आहे, तो बोलतानाही बरोबरीनेच यायला हवा. खाटेजवळची नर्स हे करू लागली की तिच्या प्रत्येक कृतीवर संशयाची सावली पडते. ती रक्तदाब सावरण्याचं औषध वाढवते ते माणसासाठी की मूत्रपिंडासाठी? तिने काल दाखवलेली माया खरी होती की आजच्या मागणीची पूर्वतयारी होती? मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या मंडळात प्रत्यारोपण करणारा डॉक्टर बसू नये, हे आपण विनातक्रार मान्य करतो. तोच न्याय शुश्रूषेला का नको? समन्वयक म्हणून प्रशिक्षित परिचारिका असू शकते आणि ती उत्तमच. पण त्या रुग्णापुरती ती शुश्रूषेच्या भूमिकेत नसावी.

समन्वयाच्या बाजूने बोलणारे ब्रिटनचा दाखला देतात. तिथे अवयवदानासाठी खास परिचारिका आहेत आणि त्या संभाषणात असल्या की संमती वाढलेली दिसते. पण हे आकडे जपून वाचावेत. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत चिठ्ठी टाकल्यासारखी कुटुंबांची विभागणी केली होती. काहींना नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, काहींना डॉक्टर आणि समन्वयक यांनी मिळून. संमतीत लक्षणीय फरक पडला नाही. मला त्यातून असं दिसतं की नुसती खुर्चीवरची व्यक्ती बदलून काही साधत नाही. मृत्यू कळायला वेळ मिळाला का, घाई झाली का, रुग्णाची काळजी नीट घेतली गेली असं घरच्यांना वाटलं का, यावर सगळं उभं असतं.

‘हे सगळं मुंबई-पुण्याला ठीक, नांदेडला माणसं कुठे आहेत?’ हा दुसरा आक्षेप. खरं आहे. नांदेड ज्याच्या कक्षेत येतं ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक नर्स हा निकष कागदावर राहतो आणि एकीच्या वाट्याला तीन-चार रुग्ण येतात. प्रतीक्षायादीतली माणसं इकडे डायलिसिसवर दिवस काढत असतात. पण नेमक्या याच टंचाईमुळे मागण्याचं ओझं तिच्यावर टाकू नये. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. त्या बातमीनंतर या जिल्ह्यातल्या एखाद्या बापाने ‘तुम्ही आधी वाचवायचा प्रयत्न तरी केला का?’ असं विचारलं तर त्याला दोष देता येणार नाही. अशा ठिकाणी विश्वासाची उरलीसुरली पुंजी सिस्टरकडे असते. ती संमतीपत्रावर खर्च केली तर पुढच्या खाटेवरच्या रुग्णासाठी काय उरेल?

एका गोष्टीत मात्र तिने गप्प राहू नये. संमतीचा आठवा नमुना जवळच्या नातेवाइकाने भरायचा असतो आणि कायद्याच्या यादीत पती-पत्नी पहिल्यांदा येतात. प्रत्यक्षात गावाकडून जीप भरून माणसं येतात, चुलते, मेहुणे, कधी सरपंच, आणि बोलणं त्यांच्यात होतं. पंचवीस वर्षांची बायको भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून बसलेली असते. तिला कोणी विचारत नाही, होकारासाठी नाही आणि नकारासाठीही नाही. उद्या गावात ‘नवऱ्याचं काळीज विकलं’ अशी कुजबुज झाली तर ती तिलाच ऐकावी लागणार आहे. हे फक्त सिस्टरला दिसतं, कारण रात्री दोन वाजता ती बाई तिच्याशीच बोललेली असते. ‘वहिनींशी वेगळं बोला’ हे समन्वयकाला सांगणं म्हणजे अवयव मागणं नव्हे. अपघाताची केस म्हणजे पोलीस आणि पीएम आलंच. अवयव काढतेवेळीच शवविच्छेदन उरकता येतं, संमतीनंतरच्या खर्चाचा भार घरच्यांवर येत नाही, शरीर शिवून नीट परत मिळतं, हेही त्या बाईला कोणीतरी तिच्या भाषेत सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि कुटुंब नाही म्हणालं तर? इथे आपला कायदाच नर्सला एकटं पाडतो. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यू, ही व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात ती तशी स्पष्ट नाही. परिणामी होकार देणाऱ्या घरातला माणूस मृत ठरतो, आणि नकार देणाऱ्या घरातल्या तशाच माणसाचा व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात. काल ‘ते गेले’ म्हणणाऱ्या सिस्टरला आज त्याच शरीराला वेळच्या वेळी औषधं द्यावी लागतात, हृदय आपण होऊन थांबेपर्यंत. बाहेर बसलेल्यांना वाटतं, नाही म्हटलं म्हणून ही शिक्षा आहे का, की तो अजून जिवंतच आहे? केरळने २०२० मध्ये दानाशी संबंध न जोडता मेंदूमृत्यू निश्चित करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तसा स्पष्ट आदेश महाराष्ट्राने काढावा आणि त्यात नकारानंतर व्हेंटिलेटर कोणी, केव्हा, कुणाला सांगून काढायचा हे लिहावं. तोपर्यंत नकार देणाऱ्या कुटुंबाला मृतदेह मिळेपर्यंत त्याच सिस्टरची तीच सोबत मिळायला हवी, आणि ड्युटीच्या यादीत त्यासाठी तिचा वेळ धरलेला असायला हवा.