स्नेह्यांचा पहिला शेरसंग्रह

यवतमाळच्या आमच्या एका स्नेह्यांचा पहिला शेरसंग्रह त्यांच्या सत्तराव्या वर्षीं प्रसिद्ध झाला, याबद्दल त्यांचें मनःपूर्वक अभिनंदन! एका शेरांत मचाणाखालीं पाचोळा वाजतो. वाचक श्वास रोखून वाघाची वाट पाहतो, आणि दुसऱ्या ओळीच्या अखेरच्या शब्दांत येतो सावकार! शेराचें मर्म हेंच: पहिली ओळ अपेक्षा वाढविते, दुसरी ती उलथून टाकते. याच गांवचे वकील व शिकारी कै. भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांनीं ही किमया साध्या मराठींत करून दाखविली. स्नेह्यांनीं मात्र कांहीं शेरांखालीं उर्दू शब्दांचे अर्थ दिले आहेत. अर्थ पाहून होईपर्यंत ओठांवरचें हसूं मावळतें. पुढील आवृत्तींत ते शब्दच मराठी व्हावेत, ही आमची सप्रेम सूचना.