खेळात शिरायचं कसं, हेही शिकवावं लागतं



"मोठा झाला की आपोआप मित्र होतील," असं आपण सगळ्याच म्हणतो. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याबद्दल मीही म्हणायचे. मग एकदा इथे रत्नागिरीत, सोसायटीच्या मैदानाकडे अर्धा तास नुसती बघत बसले. तो धावत गेला, चालू डावात शिरला आणि ओरडला, "ती वाइड होती, आता मी बॅटिंग करणार!" पोरांनी हाकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो लाजाळू नाही, वाईट तर मुळीच नाही. शिरण्याची रीत त्याला ठाऊक नाही, एवढंच.

ही रीत शिकवता येते. अमेरिकेत ओडेन आणि अ‍ॅशर यांनी 1977 मध्येच तिसरी-चौथीच्या एकट्या पडलेल्या मुलांना शिकवून पाहिलं आणि त्यांच्याबरोबर खेळायला इतर मुलं जास्त तयार झाली. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात फ्रेड फ्रँकेल यांनी मुलांसाठी मैत्रीचे वर्ग बांधले. त्यात आईवडिलांचाही वेगळा वर्ग असतो. मला तोच भाग सगळ्यात पटला.

आमच्या पडवीत दर शनिवारी पाच मुलं जमवली. दोन एकटी पडणारी, तीन सहज मिसळणारी. सगळी भांडखोर मुलं एकत्र घेतली तर ती एकमेकांचंच उचलतात, म्हणून हे मिश्रण. शिकवलं ते इतकंच: आधी कडेला उभं राहून खेळ बघ. कोणी चांगला फटका मारला तर "मस्त!" म्हण. ओव्हर संपेपर्यंत थांब. मग ज्या बाजूला गडी कमी त्यांना विचार, "फिल्डिंगला येऊ?" नाही म्हणाले तर वाद न घालता निघून ये. हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. नकार सगळ्यांच्या लाडक्या मुलांनाही मिळतो, हे त्याला दहादा सांगावं लागलं.

खरं काम मात्र घरी आहे. एकाच मुलाला बोलवायचं, चार ते साडेपाच. सूर्यास्ताआधी खाणं उरकतं, हा आपला फायदाच! भावंडांना दुसऱ्या खोलीत ठेवायचं, टीव्ही बंद. खेळ पाहुणा निवडेल, आणि त्याच्या चुका काढायच्या नाहीत. कॅरममध्ये भाच्याने दोनदा "फाऊल!" म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

मुलगा दुसऱ्या शाळेतला निवडला. वर्गात एकदा नाव खराब झालं की मूल बदललं तरी पोरांचं मत लवकर बदलत नाही. आणि वर्गात कोणी रोज छळत असेल तर हे धडे पुरत नाहीत, तिथे शिक्षकांनाच भेटावं लागतं.

फरक पडतोय का, हे मुलाला विचारून कळत नाही. समोरून बोलावणं येतं का, ते बघा. आम्हाला सातव्या आठवड्यात एक आलं. वर्गातून अजून एकही नाही.