एका फांदीवरून झाडाचा माल

फोटोतल्या झाडाची एक फांदी मोजायची, फांद्या किती ते पाहायचे आणि गुणाकार करायचा, हा बाळहिरड्याच्या मालाचा अंदाज काढायचा सर्रास चालणारा मार्ग. हिर्डोशीच्या बाजूला, नीरेच्या खोऱ्यातल्या उतारांवर झाड उक्ते घेणारा व्यापारीही मनातल्या मनात हेच करतो. गुणाकारात चूक नसते. चूक असते ती फांदी निवडण्यात. नजर लगडलेल्या फांदीवर जाते, फोटोत वाटेकडची बाजूच येते आणि सगळ्या फांद्या सारख्या धरल्या जातात. तीनही चुका बहुधा आकडा फुगवतात.

यावरचा उपाय अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ रेमंड जेसेन यांनी संत्र्याच्या झाडांवर काम करून 1955 मध्ये मांडला. फांदी नजरेने निवडायची नाही. बुंध्यापासून निघून प्रत्येक बेचक्यात चिठ्ठी टाकत वर जायचे. जाड फांदीला संधी जास्त, बारकीला कमी. ही संधी घेराच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवतात, कारण फांदी जितकी जाड तितका तिच्यावरचा विस्तार आणि साधारणपणे फळही जास्त.

समजा, हिरड्याच्या पहिल्या बेचक्यात 80 आणि 60 सेंटिमीटर घेराच्या दोन फांद्या आहेत. वर्ग 6400 आणि 3600, म्हणजे संधी 64 आणि 36 टक्के. 1 ते 100 मधली एक चिठ्ठी काढायची. 64 पर्यंत आली तर जाड फांदी, पुढे आली तर बारकी. चिठ्ठी बारकीवर पडली. पुढच्या बेचक्यात 48 आणि 36 च्या फांद्या. तिथे 48 ची निघाली, संधी 0.64. त्यापुढे 32, 32 आणि 16 अशा तीन. त्यांतली एक 32 ची निघाली, संधी 0.444. तिन्हींचा गुणाकार 0.1024. त्या फांदीवरची सगळी फळे उतरवून मोजली तर 410 भरली. 410 ला 0.1024 ने भागले की झाडाची फळे 4000 च्या आसपास येतात. वाटेत बेचक्यांच्या मधल्या डहाळ्यांवर फळे असतील, तर तीही मोजून त्या टप्प्यापर्यंतच्या संधीने भागून मिळवायची.

फोटोचा खरा उपयोग इथे, बेचक्यांपाशी आहे. हिरडा पानगळीचा वृक्ष असल्याने झाड उघडे असताना घेतलेल्या फोटोत फांद्यांचा सांगाडा स्वच्छ दिसतो. एकाच बेचक्यातल्या फांद्या कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे मोजपट्टी न लावताही त्यांच्या रुंदीचे आपसातले प्रमाण मिळते. रुंदी बेचक्याच्या फुगीर भागाच्या जरा वर मोजावी. मोजमाप थोडे चुकले तरी मोठे नुकसान नाही: चिठ्ठी ज्या संधीने टाकली त्याच संधीने भागले, तर उत्तर कोणत्याही एका बाजूला कलत नाही, फक्त जास्त विखुरते. फांदी आधी नजरेने ठरवून मग सूत्रात बसवली, तर मात्र ही हमी उरत नाही.

फळे मोजायला फोटो कच्चाच. बाळहिरडा आठळी धरण्याआधी काढतात. तेव्हा फळ हिरवे, पानही हिरवे. वरच्या उदाहरणातल्या फांदीवर फोटोत 180 फळे दिसली आणि उतरवल्यावर 410 निघाली, तर दिसलेल्या एका फळामागे प्रत्यक्षात सुमारे 2.3 फळे होती. फोटोवरूनच काम भागवायचे असेल, तर काही फांद्यांवर असे दोन्ही आकडे घेऊन गुणक काढावा लागतो. तो त्याच हंगामाला, त्याच अंतराला, तशाच उजेडाला लागू. शेजारच्या आंब्याला तो लावणे म्हणजे निव्वळ ठोकताळा.

एका फांदीतून उत्तर मिळते, पण ते कितपत भरवशाचे हे कळत नाही. त्यासाठी पहिल्यापासून नव्या चिठ्ठ्या टाकून दुसरी वाट धरावी. ती 2600 सांगत असेल, तर सरासरी 3300, आणि दोन आकड्यांमधली दरीच सांगते की किलोचा पक्का आकडा अजून कोणाला देऊ नये. (किलोसाठी मोजलेल्या फळांतली शंभर ओली आणि मग वाळवून तोलावीत, भाव वाळल्या मालाचा असतो.)

नुकसानभरपाईच्या वेळी पक्का आकडा नसण्याची ही कसर अंगाशी येते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावातला हिरडा झोडपला. फळ एकदा गळून वाहून गेले की फांदी मोजून काही हाती लागत नाही. सांगाड्याचे फोटो आणि दोन-तीन वाटांची मोजणी आधीच नोंदलेली असेल, तर पंचनाम्यात झाडामागचा आकडा मांडता येतो.

संपूर्ण शिवाराचा अंदाज हवा असेल, तर एकाच झाडावर दहा फांद्या मोजण्यात वेळ घालवू नये. फांदी-फांदीतल्या फरकापेक्षा झाडा-झाडातला फरक बहुधा मोठा असतो. तेवढ्याच श्रमात पाच झाडे चिठ्ठीने निवडून प्रत्येकावर दोन वाटा मोजलेल्या बऱ्या. आणि ज्या झाडावर मुळात शे-दोनशेच फळे आहेत, तिथे चिठ्ठ्या न टाकता सगळी मोजावीत.