चिंचोका खायचा का? खायचा, पण तांबडी साल काढून

चिंच फोडायचं काम आमच्याकडं मागच्या आठवड्यात उरकलं. गर विकला, टरफलं उकिरड्यावर गेली आणि कोपऱ्यात चिंचोक्यांचा ढीग राहिला. दरवर्षी तो राहतोच. बोटुकाच्या वजनात साधारण निम्म्याहून थोडा जास्त गर असतो, तिसरा हिस्सा चिंचोका आणि बाकी टरफल नि शिरा. म्हणजे तीन क्विंटल चिंच झोडपली तर क्विंटलभर चिंचोका निघतोच. एवढा माल आपण काय भावानं घालवतो ते सगळ्यांना माहीत आहे.

यंदा त्यात नवीन भर पडली. गुडघेदुखीवर चिंचोक्याची पावडर खा, असे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायला लागले. आमच्या शेजारच्या अण्णांनी माझ्याच ढिगातून पायलीभर चिंचोके नेले, गिरणीवर दळून आणले आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पाण्याबरोबर घ्यायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी पोट दगडासारखं कडक, जेवण बंद. दवाखान्यात जाऊन एनिमा घ्यावा लागला. गुडघे होते तसेच आहेत. म्हणून हे लिहितोय.

चिंचोका विषारी नाही. आपल्या आज्या-पणज्या भाजून खायच्या, दुष्काळात त्याचं पीठही पोटात गेलेलं आहे. पण त्या तो कसा खायच्या हे व्हिडिओवाला सांगत नाही. अण्णांनी दळला तो सालीसकट, कच्चा. चूक तिथंच झाली.

चिंचोक्याच्या वजनात पाव ते तीस टक्के भाग ती चकचकीत तांबडी-काळी साल असते. तिच्यात टॅनिन भरपूर असतं. बाभळीच्या सालीत असतं तेच, ज्यानं कातडं कमावतात. कच्चा चिंचोका चावला की तोंडाला जी मिठी बसते ती त्याचीच. हे टॅनिन प्रथिनाला धरून बसतं, म्हणून खाल्लेलं नीट पचत नाही, मलावरोध होतो, आतडं आतून चिडतं. कोंबड्या-जनावरांचंही तेच होतं, खाद्य खातात पण अंगी लागत नाही. त्यामुळं "आंबोणात चिंचोका भरडून घालू का" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: सालीसकट घालू नका.

साल काढली की आत पांढरट, टणक मगज निघतो. त्याचे दोन दळे होतात. यात प्रथिनं शंभराला पंधरा ते वीस, म्हणजे आपल्या डाळींच्या जरा खाली. तेल सहा-सात टक्के. बाकीचा मोठा भाग पिठासारखा दिसतो आणि इथंच पुष्कळांची फसगत होते. कापलेल्या मगजावर आयोडीनचा थेंब टाकला तर निळसर-हिरवट रंग येतो, म्हणून जुन्या लोकांनी त्याला स्टार्च समजलं. पण ते ज्वारी-बटाट्यातलं स्टार्च नव्हे. तो एक डिंक आहे, झायलोग्लुकन म्हणतात त्याला. माणसाच्या पोटातला रस तो फोडू शकत नाही. भाकरीसारखी ताकद त्यातनं मिळत नाही, तो पाणी पिऊन फुगतो नि बुळबुळीत होतो. म्हणून चिंचोक्याला धान्याच्या पंगतीत बसवू नये असं माझं मत आहे. अण्णांच्या पोटात हेच दोन्ही एकदम झालं. सालीनं आवळलं आणि वरनं घोटभर पाण्यात डिंक फुगला.

हा डिंक काय करतो ते बघायचं असेल तर घोंगडी विणणाऱ्यांकडं बघा. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करतात आणि घोंगडीला देतात. त्या खळीनं घोंगडी ताठ आणि घट्ट होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडगिरण्यांना सुताच्या खळीसाठी स्टार्च कमी पडायला लागलं तेव्हा हीच चिंचोक्याची पावडर पुढं आली आणि आजपर्यंत चालू आहे. कारखाना आपला चिंचोका घेतो तो या चिकटपणासाठी, खाण्यासाठी नव्हे.

आता खायचाच असेल तर कसा, ते मी केलं तसं सांगतो. गेल्या रविवारी पाच किलो चिंचोके घेतले. आधी पाण्यात टाकले, तरंगले ते फेकले. भोक पडलेलेही वेचून टाकले. उरलेले धुऊन उन्हात कडक वाळवले. लोखंडी कढईत नदीची बारीक वाळू गरम केली आणि एकावेळी किलोभर चिंचोके टाकून हलवत राहिलो. दहा-पंधरा मिनिटांत साली तडतडतात. दोन-चार काढून गार करायचे आणि तळहातावर चोळायचे. साल फुटून सुटली की झालं. आतला मगज फिकट पिवळसर दिसला पाहिजे, वास शेंगदाण्यासारखा येतो. मगज तपकिरी झाला तर जळला, कडू लागतो. आणि साल मगजाला चिकटून राहत असेल तर तो घाणा परत कढईत टाकायचा. घाई करू नका, तुरटपणा तेवढ्यानंच राहतो.

मग चाळणीनं वाळू काढून उखळात हलक्या हातानं कांडलं, सुपानं पाखडलं. पाच किलोचा मगज सव्वातीन किलो भरला. साल गेली, थोडा चुराही गेला. हा मगज तसाच चावायला जाऊ नका, दाढ हलेल. आमच्या म्हातारीनं एक वाटी मगज रात्रभर भिजत घातला, सकाळी ते पाणी ओतून दिलं आणि नव्या पाण्यात मऊ होईस्तोवर शिजवला. भाजणं नि शिजवणं या दोन्हींचा फायदा असा की कच्च्या मगजात प्रथिन पचू न देणारा जो घटक असतो (कच्च्या सोयाबीनमध्ये असतो तसलाच) तो उष्णतेनं मोडतो. उसळीत मूठभर घातला तर रस्सा आपोआप दाट होतो. पाच माणसांच्या घराला एक वाटी पुष्कळ झाली. ज्याला मुळातच पोट साफ न होण्याचा त्रास आहे त्यानं यापासून लांबच राहावं, आणि लहान पोरांच्या हातात अख्खा चिंचोका देऊ नये, घशात अडकतो.

गुडघ्याच्या गोळ्यांत चिंचोक्याचा अर्क घालतात हे खरं आहे. पण कारखान्यात काढलेला, मापात दिलेला अर्क वेगळा आणि गिरणीवर सालीसकट दळलेलं पीठ वेगळं. ऊस खाल्ला म्हणजे साखरेचं मोजमाप झालं का?

एक गोष्ट भुईमूगवाल्यांसाठी. चिंचोक्याला जो भुंगेरा लागतो, गोल भोक पाडून बाहेर पडतो, तोच साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगाही पोखरतो. त्यामुळं चिंचोक्यांचा ढीग बियाण्याच्या खोलीत ठेवू नका. मी एक साल ठेवला होता आणि दोन पोती बियाणं चाळणी झालं.

माझा ढीग अजून आहे. कुणाला करून बघायचं असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. फक्त नेताना कढई नि वाळू घरी आहे का ते आधी सांगा. अण्णांना मी आता देत नाही.