धावण्याचे बूट आलटून-पालटून वापरल्याने दुखापत टळते का? बूट जास्त टिकतात का?

वर्धा जिल्ह्यातलं गिरड असो की आणखी कुठलं गाव, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचं गणित सारखंच असतं. मैदानी चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला २० गुण असतात. ऐन चाचणीआधी नडगी दुखायला लागली, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणूनच 'बुटांचे दोन जोड ठेवा, दुखापत होणार नाही' हा सल्ला तपासून पाहायला हवा.

संशोधन काय सांगतं?

लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी २६४ हौशी धावपटूंची २२ आठवडे नोंद ठेवली. त्यातल्या ८७ जणांना दुखापत झाली. एकापेक्षा जास्त जोड वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला.

यामागचा तर्क असा, की प्रत्येक बुटाची जाडी आणि मऊपणा वेगळा असतो. त्यामुळे रोज त्याच हाडावर, त्याच स्नायूवर तसाच ताण येत नाही. म्हणजे अगदी एकसारखे दोन जोड घेतले, तर हा फायदा मिळेलच असं नाही.

पण इथे एक मेख आहे. कोणी किती जोड वापरायचे, हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं, फक्त नोंद घेतली होती. त्यामुळे फरक बुटांमुळेच पडला, असं खात्रीने म्हणता येत नाही.

मग बूट जास्त टिकतात का?

हिशोब करून पाहू. आठवड्याला ३० किलोमीटर धावणं आणि बुटाचं आयुष्य साधारण ६०० किलोमीटर धरलं, तर एक जोड २० आठवडे चालतो. दोन जोड ४० आठवडे चालतात, पण पैसेही दुप्पट लागतात. म्हणजे दर किलोमीटरचा खर्च तोच राहतो.

खरा फायदा पावसाळ्यात होतो. ओला जोड सावलीत नीट वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. विदर्भातल्या कडक उन्हात बूट वाळवले, तर तळव्याचा डिंक सुटतो.

तुम्ही काय करावं?

दुसऱ्या जोडासाठी कर्ज काढू नका. सध्याचा बूट निम्मा वापरून झाला, की पुढचा थोडा वेगळ्या प्रकारचा घ्या आणि दोन्ही आलटून-पालटून वापरा. एरवीही नवा जोड घ्यावा लागणारच होता, तो फक्त थोडा आधी येईल.

बूट सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलला असेल किंवा तळव्याच्या फोमवर खोल सुरकुत्या असतील, तर तो बाद करा.

नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर बूट बदलून भागणार नाही. ती हाडाला बारीक तडा गेल्याची खूण असू शकते. अशा वेळी धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.