फवारणी पंपाच्या मराठी माहितीपुस्तिका तपासून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
रत्नागिरी

महोदय,

आम्ही रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदार. मोहोर फुटू लागला की तुडतुडे आणि भुरीसाठी आमच्या फवारण्या सुरू होतात. आमच्यापैकी अनेकांनी कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून पंप घेतले आहेत. अशाच एका पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाच्या, इंग्रजीवरून केलेल्या मराठी पुस्तिकेतला हा परिच्छेद पाहावा :

‘पंप कोरडा चालवू नका. एकदा थंड झालेल्या इंजिनमध्ये पेट्रोल भरा. नोझल काढण्यापूर्वी दाबाला आराम द्या.’

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही पहिले वाक्य वाचून आमच्या गड्याने पंपावर तांब्याभर पाणी ओतले आणि मग तो सुरू केला. पिंपातले औषध संपल्यावरही पंप चालूच राहिला. आतले वॉशर पाण्यावरच थंड राहतात. ते करपले आणि पंप गळू लागला. सांगायचे होते ते एवढेच, की पिंपात पाणी किंवा औषध नसताना पंप चालवू नका.

दुसऱ्या वाक्यातले ‘एकदा’ वाचून सकाळी थंड इंजिनात पेट्रोल भरले की झाले, असे वाटते. मूळ सूचना दर वेळची आहे : इंजिन बंद करा, निवू द्या, मगच पेट्रोल भरा. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडले तर भडका उडतो.

सर्वांत घातक तिसरे वाक्य. ‘आराम’ म्हणून माणूस पाच मिनिटे थांबतो. नळीतला दाब तसाच राहतो आणि नोझल सैल करताच औषध तोंडावर उडते. तिथे असे हवे : इंजिन बंद करा, गन माणसांपासून दूर धरून खटका दाबा, धार पूर्ण थांबली की नोझल खोला.

असे मजकूर तपासताना मराठीचे पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहतात. इथे ती चाळणी फसते. शब्दाला शब्द ठेवलेला असल्याने ‘कोरडा’चे ‘ड्राय’ आणि ‘एकदा’चे ‘वन्स’ बिनचूक परत येते, आणि चुकीचे वाक्य बरोबर ठरते. म्हणून आमची पहिली मागणी अशी, की अनुदानातल्या पंपाची मोका तपासणी होते तेव्हाच पुस्तिकेतला इंधन भरण्याचा आणि नोझल काढण्याचा भाग इंग्रजी न पाहिलेल्या दोन-तीन बागायतदारांना वाचायला द्यावा. इंजिन बंद ठेवून, पिंपात साधे पाणी घेऊन, ते काय करतील हे त्यांच्याकडून करून घ्यावे. हात चुकीच्या जागी गेला, की वाक्य बदलावे.

दुसरी मागणी अशी, की बदललेली वाक्ये विक्रेत्यांमार्फत दुरुस्तीपत्रक म्हणून प्रत्येक पंपासोबत द्यावीत आणि उत्पादकांनाही लेखी कळवावीत. आधीच विकलेल्या पंपांच्या मालकांपर्यंत ते पत्रक सहायक कृषी अधिकाऱ्यांनी पोहोचवावे. हे काम यंदाच्या पहिल्या फवारणीआधी व्हावे, ही विनंती.

आपले नम्र,
आंबा बागायतदार, रत्नागिरी तालुका