मीटर एक, चुली तीन



आमच्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा बाजार भरला की हातात चार पैसे येतात, आणि बाजार उठला की घराघरांतले जुने हिशेब वर येतात. अशाच दिवसांत वस्तीतल्या एक वहिनी लाइटबिल घेऊन माझ्याकडे आल्या. नवरा वारलेला, पदरी एक मुलगा. सासऱ्यांनी बांधलेल्या घरात त्या आणि दोन दीर राहतात. दारे वेगळी, चुली वेगळ्या, मीटर मात्र एकच, आणि तेही वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर.

"भाऊ, आमच्याकडं दोन बल्ब अन् एक पंखा. धाकट्याकडं फ्रीज हाय, कूलर हाय. बिलाचे मात्र तिघांचे सारखे तीन वाटे. हे कुठलं गणित?"

गणित चुकलेले होतेच. पण त्यात आणखी एक चूक होती, ती वहिनींच्याच काय, दिरांच्याही ध्यानात आली नव्हती. एका मीटरपायी तिघांचे मिळून जास्त पैसे जात होते.

महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत. महिन्याचे पहिले 100 युनिट स्वस्त. पुढे 101 ते 300 पर्यंत दर जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्याच्याही वर आणखी चढतो. या पायऱ्या माणसे मोजत नाहीत, चुली मोजत नाहीत. मीटर मोजतात.

मी कागद घेतला. दर बदलत राहतात, म्हणून हिशेबापुरते पहिल्या शंभराला युनिटमागे 6 रुपये, पुढे 12 रुपये आणि मीटरमागे स्थिर आकार 130 रुपये धरला. वहिनींचा वापर 45 युनिट, मधल्याचा 85, धाकट्याचा 110. एकूण 240. एका मीटरवर पहिल्या शंभराचे 600, उरलेल्या 140 चे 1680, स्थिर आकार 130. झाले 2410 रुपये. तीन सारखे वाटे केले की प्रत्येकी 803. तीन मीटर असते, तर वहिनींना 400, मधल्याला 640 आणि धाकट्याला 850, म्हणजे 1890 रुपये आले असते. तीनदा स्थिर आकार भरूनसुद्धा महिन्याला 520 रुपये वाचले असते. वीज शुल्क वगैरे या आकड्यांत धरलेले नाही, ते वरून पडते.

"मग तीन मीटर घ्या की," असे म्हणणे सोपे आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांनाही वीज मागता येते. पण कंपनीची माणसे आधी हे बघतात की जागा खरोखर वेगळी आहे, की स्वस्त पायरीसाठी एकाच घरात दुसरे मीटर मागितले जात आहे. म्हणून वेगळे दार आणि वेगळे स्वयंपाकघर दाखवता आले पाहिजे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये हिस्से वेगळे लागलेले असले तर काम सोपे होते. इथे तर नमुना 8 वर अजून सासऱ्यांचेच नाव. म्हणजे आधी वारसांची नोंद, मग मीटर. अनुसूचित जातीच्या कुटुंबांना 500 रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना महावितरणने 14 एप्रिल 2021 ला सुरू केली होती. तिच्यातही जागेवर थकबाकी नसावी ही अट होतीच. थकबाकी जुन्या मीटरची असली तरी नव्या अर्जाच्या आड येते, हे लक्षात ठेवावे.

तोवर मीटर कुणाच्या नावावर करायचे? यावरून दीर-भावजयीत खरी तेढ होती. मधला म्हणाला, "वहिनीच्या नावावर केलं तर उद्या घरच तिचं होईल." तसे होत नाही. लाइटबिलावर नाव असले म्हणून घराची मालकी मिळत नाही. मालकी ठरते खरेदीखतावर, वारसावर. बिलावरचे नाव फार तर रहिवासाचा पुरावा. उलट त्या नावाबरोबर जोखीमच येते. बिल थकले तर 15 दिवसांची लेखी नोटीस त्या नावाने येते, आणि मुदत टळली की तार कापली जाते ती सगळ्यांची. मागच्या वर्षी मधल्याने आपला वाटा थकवला, तेव्हा वहिनींच्या मुलाने दहावीचा अभ्यास चार दिवस शेजारच्या ओसरीत केला होता. तिने तर पैसे वेळेवर दिले होते.

म्हणून मी सांगितले, नाव अशाचे असावे जो त्या घरात बारमाही राहतो, बिल हातात घेतो आणि तारखेच्या आत भरतो. ऊसतोडीला जाणारा किंवा संभाजीनगरला नोकरीला असणारा भाऊ नको. या घरात त्या वहिनीच होत्या. इतर वारसांची संमती लिहून घेऊन नाव बदलण्याचा अर्ज केला. वाटा आगाऊ, बिलाच्या मुदतीच्या पाच दिवस आधी त्यांच्या हातात द्यायचा, हेही त्याच कागदावर लिहिले. धाकट्याला हे अपमानाचे वाटले. वाटू दे, सही तर केली.

राहिले रीडिंग. मुख्य मीटरच्या पुढे तिन्ही घरांच्या लाइनवर परवानाधारक वायरमनकडून एकेक उपमीटर बसवून घेतले. तिघांनाही बसवायचे, दोघांना बसवून तिसऱ्याला "उरलेले" देऊ नये, नाहीतर सगळी गळती त्याच्याच माथी बसते. उपमीटरशी कंपनीला देणेघेणे नसते, ते घरातल्या हिशेबापुरते. कंपनीचा माणूस ज्या दिवशी रीडिंग घेतो त्याच दिवशी तिघांसमोर चारही आकडे वहीत उतरवायचे. दोन दिवस इकडे तिकडे झाले की भांडण सुरू.

पैसे वाटण्यात मात्र एक मेख आहे. एकूण बिलाला युनिटने भागले तर कमी वापरणाऱ्यालाही महाग पायरीचा भार बसतो; वहिनींना असे 452 रुपये पडत होते. त्यापेक्षा स्वस्तातले 100 युनिट तिघांत सारखे वाटावेत, प्रत्येकी 33 च्या आसपास, आणि वरचे ज्याने वापरले त्याने महाग दराने द्यावे. स्थिर आकार तीन वाट्यांत. असे केले की वहिनींना 383, मधल्याला 863, धाकट्याला 1163. धाकटा कुरकुरला, पण कूलर त्याचाच. हवे असेल तर आपापल्या नावाचे मीटर घे, मग 850 त पडेल, असे वहिनी म्हणाल्या. आता वारस नोंदीसाठी ग्रामपंचायतीत तोच खेटे घालतो आहे.

पहिल्या महिन्यात मुख्य मीटरने 236 युनिट दाखवले आणि तीन उपमीटरची बेरीज आली 227. नऊ युनिट गेले कुठे? प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. मी तिघांचेही मेन स्विच बंद करायला सांगितले. तरी मुख्य मीटरचा लाल दिवा थांबून थांबून लुकलुकतच होता. म्हणजे उपमीटरच्या आधीच कुठेतरी वीज खर्च होत होती. शोधता शोधता नजर गेली ओसरीवरच्या साठ वॅटच्या जुन्या बल्बवर. त्याची तार सासऱ्यांच्या वेळेपासून थेट मुख्य मीटरला होती. रोज पाच तास, तीस दिवस, बरोबर नऊ युनिट. धाकट्याने दुसऱ्या दिवशी तिथे नऊ वॅटचा दिवा लावला, आणि उरलेले युनिट-दीड युनिट वहीत "ओसरी" म्हणून तिघांच्या नावे लिहायचे ठरले.